उणे अठ्ठावीस

१

मंगळवारी रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना मायाचा आवाज तिसऱ्यांदा मेला.

ती आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याला डॉक्टरची वेळ नेमून देत होती. ती बोलत होती, पण पलीकडे तुकडेच पोहोचत होते. मग तेही थांबले. पडद्यावर एक चकरी फिरत राहिली आणि म्हाताऱ्याने फोन ठेवला.

माया बाहेर आली. हेडफोन गळ्यात तसाच होता.

"राजरत्न, गेम बंद कर."

"बंदच आहे, वहिनी. इथंपण अडकलंय. हे बघा."

"अडकायला चालू असावा लागतो ना?"

"मग काय, नऊ वाजता झोपू मी?"

तिचा नवरा मिलिंद ताटावरून उठला. "आवाज खाली कर. ती कामावर आहे."

"आणि मी दिवसभर उल्हासनगरला दुकानात बसून काय भजी तळतो का? मोबाइल दुरुस्त करतो. घरी आल्यावर एक तास…"

"तुझ्या एका तासापायी तिची नोकरी चाललीये."

कोचावर चांगुणाबाई टीव्हीवर भीमगीतं लावून बसल्या होत्या. गाणारी बाई तोंड उघडून थिजलेली. त्यांनी रिमोट खाली ठेवला. "बघा बाबा, मी बंद केला. मलाच काय ते म्हणा."

"तुम्हाला कोण म्हणालं, आई?" माया म्हणाली.

"न म्हणता म्हणतात."

एवढ्यात भीमराव आतल्या छोट्या खोलीतून तळवे झाडत बाहेर आले. तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. मशीन बंद पडलं की साहेबाच्या आधी त्यांना हाक जायची. अंबरनाथ पूर्वेच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र गेले दोन महिने रोज रात्री काहीतरी बंद पडत होतं आणि त्यांना कुणी हाक मारत नव्हतं.

मायाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "शनिवारी आमचे साहेब माझ्या कॉलवर बसणार आहेत. साडेसात ते साडेअकरा. लाइन तुटली तर घरून काम बंद. मग रोज रात्री ऐरोलीच्या ऑफिसला जा आणि मध्यरात्री परत या."

"असं काही होणार नाही," मिलिंद म्हणाला. "बदलापूरच्या फ्लॅटवाल्याला रविवारी उत्तर द्यायचंय. शनिवारी लाइन तुटली, तर मी हो म्हणणार. आमची आम्ही राहतो. कुणाचा गेम नको, कुणाची गाणी नकोत."

चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. खोकला आला की काय, ते कळलं नाही.

भीमरावांनी कपाटावरची जुनी वही काढली. कारखान्यात बिघाडाची नोंद ठेवायची सवय होती. वरती तारीख घातली आणि खाली लिहिलं: *८.५५. बंद.* मग म्हणाले, "शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. चोर कोण आहे ते मी शोधतो."

"चोर?" राजरत्न हसला. "कसला चोर, बाबा? वायफायचा?"

"हसू नको. पहिला नंबर तुझाच आहे."

२

बुधवारी सकाळी त्यांनी एकेकाला समोर बसवलं.

मायाचं म्हणणं सरळ होतं. ती काम सुरू करते साडेसातला. आठपर्यंत ठीक चालतं. आठ-सव्वाआठला बिघडतं आणि साडेदहाच्या सुमारास आपोआप सुधारतं. "आणि साडेदहानंतर राजरत्नचा गेम मस्त चालतो. मी ऐकते ना भिंतीतून, किती खूश असतो ते."

"कधीपासून असं?"

"मी घरून काम धरलं त्या पंधरवड्यापासून." तिने डोळे वर केले. "म्हणजे माझ्यामुळे, असंच ना?"

"मी तसं म्हणालो का?"

"वहीत लिहिलंत तुम्ही."

लिहिलं खरंच होतं. तोच पंधरवडा भीमरावांच्या दुसऱ्या कारणाने लक्षात होता. चांगुणाबाईंना दम लागून चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. घरी आल्या, तेव्हापासून ते त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होते.

खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंकडेही ते गेले. दिवाळीत माया माहेरी गेली असताना पासवर्ड त्यांनी मागून घेतला होता, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

"जय भीम, कुंदाताई. रात्री आमचं इंटरनेट वापरता का?"

"अहो भाऊ, तुमचं वापरून मी काय करू? आमचंच आहे, तुमच्याच कंपनीचं. आणि एकदम चांगलं चालतं. काल रात्री नऊला नातीशी बोलले, तिकडे नाशिकला. तिच्या दातात अडकलेलं डाळिंबसुद्धा दिसलं मला."

भीमरावांनी लिहिलं: *कुंदाताई. तीच कंपनी. ९ वाजता चांगलं.* थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. रात्री सगळं गाव एकदम इंटरनेट वापरतं म्हणून ते मंदावतं, असं मिलिंद म्हणत होता. मग ते खालच्या मजल्यावर का मंदावत नाही?

दुपारी कंपनीचा हरेश आला. उल्हासनगरचा सिंधी पोरगा, खांद्याला बॅग. त्याने भिंतीवरच्या राउटरच्या डब्याची काळी वायर काढून एका छोट्या मीटरला लावली आणि मीटर भीमरावांसमोर धरलं.

"अंकल, उणे एकोणीस. एकदम ओके. मैं पहलेसे बोल रहा हूँ, लाइन मस्त हाय. तुमच्या घरात कोणतरी जास्त खेचतोय."

"तू याआधी किती वेळा आलास?"

"तीन बार. हर बार उणे एकोणीस."

"किती वाजता?"

"दुपारी. संध्याकाळी मेरा दूसरा एरिया रहता है ना."

राउटरचे दिवे हिरवे होते. मायाच्या फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. रात्रीही त्या भरलेल्याच असतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

३

बुधवारी रात्री भीमरावांनी सापळा लावला.

मायाचा लॅपटॉप राजरत्नने वायफायवरून काढून थेट वायरीने राउटरला जोडून दिला. मग त्याचं वायफायच बंद केलं, पासवर्डही बदलला. घरातले चारही मोबाइल बंद करून भीमरावांनी वहीशेजारी ओळीने मांडले. टीव्हीची पिन काढली. आता अख्ख्या घरात एकटी मायाच इंटरनेटवर होती. मधे हवा नाही, भागीदार नाही.

सात चाळीस, छान. आठ, छान. माया दारातून हसलीसुद्धा. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आठच्या पुढे खिडकीतून नेहमीचा वास आला. मोरिवलीच्या बाजूचा कुठल्यातरी कारखान्याचा, कुजक्या लसणासारखा आणि घशात बसणारा. चांगुणाबाईंनी छातीवर हात ठेवला. भीमराव उठून त्यांच्या खोलीत गेले, खिडकी लावली, त्यांना वाफारा दिला आणि परत येऊन वहीपाशी बसले.

आठ वाजून वीस मिनिटांनी मायाचा आवाज तुटला.

सगळे एकमेकांकडे बघत होते.

"दुसरा फोन कुठंय?" भीमरावांनी राजरत्नला विचारलं.

"कुठला दुसरा फोन?"

"दुकानात दुरुस्तीला येतात त्यातला. खिसे दाखव."

"बाबा, वायफाय बंद आहे. फोन असला तरी जोडणार कशाला? हवेला?"

"दुसऱ्या वायरीने लावलास."

"कुठून? तुमच्या डोळ्यांसमोर बसलोय की मी."

त्यांना ते कळत होतं. पण वहीत एका बाजूला चार नावं आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेली लाइन, आणि मधे नाव टाकायला दुसरं कुणी नव्हतं. "तू लहानपणापासून असाच. केलं की कबूल करायचं नाही," ते म्हणाले.

राजरत्नने टेबलावरचा आपला फोन उचलला, चप्पल घातली. "मी दुकानात झोपतो. सुमडीत. मग बघू तुमचा चोर कुठं जातो ते."

दार लागलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "जेवला नव्हता तो."

४

गुरुवारी राजरत्न घरात नव्हता आणि इंटरनेट रोजच्यापेक्षा लवकर बिघडलं. आठला नव्हे, सात पाचला, मायाचं काम सुरू व्हायच्याही आधी. मिलिंद बातम्या बघत होता, त्या थिजल्या. त्या दिवशी वासही लवकर सुटला होता, पण भीमरावांनी तो वहीत लिहिला नाही. वास हवेचा, बिघाड वायरीचा. दोन्हींचा संबंध त्यांच्या डोक्यात कुठेच नव्हता.

त्यांनी लिहिलं: *राजू नाही. तरी बंद. ७.०५.* पेन तिथेच थांबलं. बराच वेळ त्यांना पुढचं वाक्य लिहिवेना. मग खाली बारीक अक्षरात लिहिलं: *म्हणजे तो नव्हता.*

मायाने त्या रात्री त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. "तुम्ही त्याला फोन करा, बाबा."

"शनिवारनंतर करतो."

"शनिवारनंतर आम्ही इथं नसू कदाचित. मग घरात तुम्ही, आई आणि हा कप एवढंच उरेल."

ती भांडत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

शुक्रवारी आठ वाजले, साडेआठ वाजले, नऊ. काहीच झालं नाही. माया साडेअकरापर्यंत सलग बोलत राहिली, एक शब्द न तुटता. मिलिंदने मुद्दाम टीव्ही लावला, दोन फोनवर सिनेमे लावले. तरी काही नाही.

"बघितलंत?" मिलिंद म्हणाला. "राजू नाही आणि लाइन सरळ."

"काल पण नव्हता तो," भीमराव म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं उलटली. गेल्या शुक्रवारी भांडण नव्हतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही नव्हतं. दोन महिन्यांतल्या एकाही शुक्रवारी त्यांना भांडण आठवेना.

घरातलं कुणी शुक्रवारी वेगळं वागत नव्हतं. माया रोजच काम करते. चांगुणा रोजच गाणी लावते. कंपनीचं यंत्र शुक्रवारी वेगळं चालायचं कारण नाही, नाहीतर कुंदाताईंचंही बदललं असतं. त्यांनी हिशेब केला तसा एकेक जण वहीतून गळत गेला. भागीदार गळाले, वायफाय गळालं, कंपनी गळाली. शिल्लक राहिली एकच गोष्ट. खांबापासून भिंतीवरच्या डब्यापर्यंत येणारी काडीएवढी बारीक काळी वायर. ती फक्त त्यांची होती.

पण वायरीला काय कळतं शुक्रवार आहे ते?

रात्रभर कूस बदलत राहिले ते. पहाटे उठून बसले आणि चांगुणाबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. उल्हासनगरला जाऊन येतो."

५

हरेशचं ऑफिस म्हणजे एक जिना आणि जिन्याखालची खोली. भिंतीवर वायरींची वेटोळी टांगलेली.

"बैठो अंकल. आज फिर कंप्लेंट?"

"कंप्लेंट नाही. शिकायला आलोय. तू मीटरवर उणे एकोणीस दाखवलंस ते काय आहे?"

हरेशला असं कधी कुणी विचारलं नसावं. तो खुर्ची ओढून समोर बसला.

"अंकल, तुमच्या वायरीत करंट नसतो. काच असते. केसासारखी बारीक काच. आमच्या इथून मशीन उजेड पाठवतं, तो त्या काचेतून आतल्या आत आपटत आपटत तुमच्या घरी जातो. हा आकडा म्हणजे उजेड किती पोचला. शून्यापासून जितका लांब, तेवढा उजेड कमी. तीन आकडे खाली गेला, की उजेड अर्धा."

"म्हणजे एकोणीसचा बावीस झाला की अर्धा."

"हां. पंचवीसपर्यंत टेन्शन नाही. सत्तावीसच्या खाली डबा चाचपडायला लागतो. अंधारात चिठ्ठी वाचल्यासारखं. काही अक्षरं चुकतात. सिनेमा बघत असाल तर चुकलेला तुकडा तो परत मागवतो, म्हणून चकरी फिरते. पण बोलताना परत मागवायला टाइमच नाही ना. तो तुकडा गेला तो गेला. आवाज तुटतो."

"आणि डब्यावर लाल दिवा लागत नाही?"

"उजेड पूरा गेला तरच लाल. थोडा कमी झाला तर हिरवाच. और वायफाय के डंडे तो सिर्फ डब्यापासून फोनपर्यंतचं सांगतात. मागची वायर कशी आहे, ते त्यांना कुठं माहीत."

भीमराव हे सगळं गिळत होते. कारखान्यात नव्या मशीनची माहिती अशीच उभ्याउभ्या गिळली होती. "आता हे सांग. उजेड वाटेत कमी कशाने होतो?"

हरेशने खणातून पेनासारखा एक दिवा काढला. फायबरच्या एका नुसत्या, पांढऱ्या तुकड्याच्या टोकाला तो लावला. दुसऱ्या टोकाला लाल ठिपका उमटला. ठळक, स्थिर.

"आता बघा."

त्याने तो तुकडा बोटाभोवती करकचून वाकवला. वाकवलेल्या जागी काच आतून लाल पेटली, निखाऱ्यासारखी. आणि पलीकडचा ठिपका फिका पडला.

"काच तुटली नाही, अंकल. फक्त वाकली. मोठ्या गोल वळणावर उजेड वळतो. लहान वळणावर तो भिंतीतून बाहेर सांडतो. सोडलं की परत सरळ." त्याने बोट काढलं. ठिपका पुन्हा ठळक झाला. "तुमची कंप्लेंट मला आता समजली. दिवसा सरळ, संध्याकाळी वाकडी. तुमच्या घरात संध्याकाळी हलतं काय? दार? कपाट? खिडकी?"

भीमराव उत्तर देणार होते.

त्यांनी आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पानी मंगाऊँ, अंकल?"

"नको." ते उठले. "आजच ड्रिल घेऊन ये. भिंतीला भोक पाडायचंय."

"आज नाही जमणार. कल पक्का."

तिथून चार गल्ल्या पलीकडे राजरत्नचं दुकान होतं. तो एका फोनच्या पोटात वाकला होता. वडिलांना बघून सरळ झाला.

"चल घरी. चोर सापडला."

"मी नाही ना?"

"नाही."

"कोण मग?"

"घरी सांगतो. तू मला आकडा वाचून दाखवशील. तो हरेशचा, उजेडाचा. मीटरशिवाय दिसतो का?"

"राउटरच्या आतल्या पानावर दिसतो." राजरत्नने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. वडिलांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. "बाबा, तब्येत ठीक आहे ना?"

६

साडेसहाला पाचही जण घरात होते. राजरत्नने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं आणि तो दिवाणखान्यात बसला. भीमराव चांगुणाबाईंच्या खोलीत गेले, दार उघडं ठेवून.

"वाच."

"उणे एकोणीस."

खोलीतून लाकडावर तळवा मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा घट्ट.

"आता वाच. पान ताजं करून."

राजरत्नने केलं. मग पुन्हा केलं.

"वाच की," मिलिंद म्हणाला.

"उणे अठ्ठावीस."

माया उठून खोलीच्या दारात गेली. बाकीचे तिच्या मागे.

सरकत्या खिडकीची काच चौकटीला घट्ट बसवली होती आणि तिच्या मागे पट्टीत एक लाकडी पाचर ठोकलेली होती. खाली कोपऱ्यात काळी वायर बाहेरून आत येत होती. काचेच्या कडेने ती चौकटीवर दाबली जाऊन तिथे जवळजवळ दुमडली होती.

"कडी तुटलीये खिडकीची," भीमराव म्हणाले. ते कुणाकडे बघत नव्हते. "हिला दवाखान्यातून आणलं तेव्हा मी ही पाचर केली. फट राहिली की वास येतो आणि हिला दम लागतो. वास सुटला की ठोकायची, साडेदहाला हवा बदलली की काढायची. कधी आठला, गुरुवारी सातला. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, वास नाही, पाचर नाही. वायर कोपऱ्यात आहे, हे मला दिसत होतं. वायर तुटली नव्हती, म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. एकोणीसचा अठ्ठावीस. नऊ आकडे. तीनदा अर्धा. आठातला एकच भाग उजेड पोचत होता." मग त्यांनी मान वर केली. "राजू, मी तुझे खिसे तपासायला निघालो होतो."

राजरत्न दाराला टेकला. "तपासले असते तर तंबाखू सापडली असती. बरं झालं नाही तपासले."

"तंबाखू?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"ते नंतर, आई."

कुणीतरी हसणार, तेवढ्यात तो वास आला. सात वाजून तीन मिनिटं. भीमरावांनी पाचर आधीच काढली होती, खिडकी दोन बोटं उघडी झाली होती आणि त्या फटीतून तो थेट आत येत होता.

चांगुणाबाईंचा श्वास शिटीसारखा वाजू लागला.

"बंद करा ती," माया म्हणाली.

"बंद केली तर तुझी लाइन जाईल," मिलिंद म्हणाला. "साडेसातला साहेब बसणार."

"मला दिसतं ना आईंना काय होतंय ते. बंद करा."

"राहू दे," चांगुणाबाई म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढत होत्या. "मी खाली कुंदाकडे जाते."

"तिची खिडकी पण त्याच बाजूला आहे, आई. आणि जिना चढणार कोण परत?" माया त्यांची पाठ चोळत होती. "नोकरी दुसरी मिळेल. करा बंद."

"गप्प बसा दोघी," भीमराव म्हणाले. "राजू, माळ्यावर पलंगाची जुनी पट्टी आहे, ती काढ. मिलिंद, करवत आणि कानस. टॉवेल भिजवून आण आणि ह्या फटीवर धर, दाबू नको. नुसता धर."

मिलिंदने विचारलं नाही कशाला. धावला.

भीमरावांनी खिडकीची उंची टीचभर टीचभर मोजली. अंगठ्याएवढी जाड सागवानी पट्टी त्या मापाची कापली. राजरत्नने ती पायाखाली दाबून धरली आणि त्यांनी खालच्या टोकाला खाच पाडली. मग कानशीने ती खाच आतून गोल केली.

"चौकोनी चालणार नाही?" राजरत्नने विचारलं.

"कोपऱ्यावर परत वाकेल. मोठ्या वळणावर उजेड सांडत नाही. हरेशने दाखवलं."

सात वीस. पट्टी चौकटीला उभी लावली. वायर सैल करून मोठ्या वळणाने खाचेतून घेतली. मग काच सरकवली. ती आता चौकटीवर नव्हे, लाकडावर येऊन टेकली. मधे दोन्ही काचा अजून एकमेकींवर चढलेल्या होत्या, तिथे फट पडली नव्हती. खाचेत वायरीभोवती ओल्या टॉवेलची चिंधी हलकेच भरली. मग भीमरावांनी पाचर लावली आणि तळवा उचलला. तो हवेतच थांबला.

"ठोका, बाबा," माया म्हणाली.

त्यांनी ठोकली. वास तुटला. राजरत्न आधीच दिवाणखान्यात पोहोचला होता.

"वाच."

"थांबा, पान उघडतंय." काही क्षण गेले. "उणे एकोणीस."

"परत वाच."

"एकोणीस, बाबा. एकोणीसच आहे."

माया हेडफोन लावत आत पळाली.

७

पुढचे दोन तास घरात कुणी धड बसलं नाही. चांगुणाबाई वाफारा घेऊन उशांना टेकून होत्या. मिलिंद दर पाच मिनिटांनी मायाच्या दाराशी जाऊन कान देत होता. राजरत्न ते पान पुन्हा पुन्हा ताजं करत होता. भीमराव स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधे फेऱ्या मारत होते. मधेच थांबून त्यांनी राजरत्नसमोर भाकरीचं ताट ठेवलं.

"जेव. बुधवारी जेवला नव्हतास."

"त्याचं आता देता होय?"

"आता देतो."

राजरत्नने एक घास तोडला आणि ताट वडिलांकडे सरकवलं. दोघं एकाच ताटात जेवले.

साडेनऊला मिलिंदचा फोन वाजला. बदलापूरचा एजंट. मिलिंदने नाव बघितलं आणि तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. चांगुणाबाईंनी आतून ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

मायाचं दार उघडलं. तिला दहा मिनिटांची सुट्टी होती. चेहऱ्यावर हेडफोनचा वळ उमटला होता. ती म्हणाली, "तुटलं नाही. साहेब साडेआठलाच कॉलवरून उतरले. म्हणाले, ठीक आहे."

मग ती पाणी प्यायली. सावकाश.

"तो एजंट दोनदा फोन करतोय," मिलिंद म्हणाला. "उद्या सकाळी यायचं का, विचारेल."

माया चांगुणाबाईंच्या दाराशी गेली, त्यांच्या श्वासाकडे क्षणभर कान दिला. तिथूनच म्हणाली, "उद्या कुठं जायचं? उद्या तो हरेश ड्रिल घेऊन येणार आहे ना. वायर भिंतीतून घ्यायची म्हणजे सगळी खोली मोकळी करावी लागेल. आईंना धुरळा चालत नाही, त्यांना दिवसभर माझ्या खोलीत झोपवू. राजू, तुला दुकान नाही ना रविवारी?"

"नाही, वहिनी."

"मग पलंग तू आणि मिलिंद उचला."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मिलिंदने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि तो पलंग किती जड आहे ते बघायला चांगुणाबाईंच्या खोलीत गेला.